कोट ठेवायचा की आपल्या शब्दात सांगायचं, आणि कापताना काय हलू द्यायचं नाही

प्रश्न: ताई, मी नागपुरात एका पेपरला सहा महिन्यांपासून ग्रामीण बीट बघतोय. माणूस दहा मिनिटं बोलतो आणि मला जागा मिळते दोनशे शब्दांची. कोणतं वाक्य अवतरणात टाकायचं, कोणतं आपल्या शब्दात लिहायचं, आणि कोट छोटा करताना तो माणूस दुसऱ्या दिवशी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणणार नाही हे कसं बघायचं?

ग्रामीण बीट म्हणतोयस म्हणून एकच उदाहरण घेते आणि त्यालाच धरून राहते. मी आधी सात वर्षं रिपोर्टिंग केलं, मग डेस्कवर आले, आता अठरा वर्षं झाली, आणि नवीन पोरंपोरी आली की हेच उदाहरण पुढे ठेवते. एका माणसाचं नाही हे, काटोल-नरखेडकडे केलेल्या अनेक मुलाखतींवरून मी शिकवण्यासाठी बनवलंय, पण बोलणं तिकडचंच आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ चालू आहे, तू बांधावर उभा आहेस, फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे, आणि बागायतदार काका बोलतायत:

‘‘आता कसं हाये पाहा, गळ तं दरसाल असते थोडीबहुत. पण औंदा पाणी खंडलंच नाही ना. पंधरा-वीस दिवस बागेत पाणी साचून होतं, मंग मुळी सडली अन् फळ गळाले लागलं. ते कृषीवाले साहेब आले, पाहून गेले, त्याईनं औषध सांगतलं, मारलं बी आपण. त्याईचा काही दोष नाही म्हणा, ते एकटेच हाये एवढ्या गावाईले. पण पंचनामा तं व्हाले पाहिजे ना टायमावर. मी तं म्हणतो, पंचनामा नाही झाला तं बाग तोडून टाकतो अन् दुसरं काही पेरतो. तोडाले जीव होत नाही, बापानं लावलेली हाये, पण करता काय?’’

आता यातलं काय अवतरणात जाणार? बहुतेक नवे रिपोर्टर वरून सुरुवात करतात आणि जागा संपेपर्यंत कोट टाकत जातात, म्हणजे पाणी साचलं, मुळी सडली, औषध मारलं हे सगळं काकांच्या तोंडून येतं आणि शेवटची जी दोन वाक्यं खरंच त्यांची आहेत, दुसरं कोणी तशी बोललंच नसतं, ती डेस्कवर कापली जातात कारण बातमी खालून कापतात. उलटं करायचं. मी पूर्ण बोलणं वाचते आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते, हे मी माझ्या शब्दात सांगितलं तर काय जाईल? ‘पंधरा-वीस दिवस पाणी साचलं’ हे मी सांगितलं तर काहीच जात नाही, उलट कमी शब्दात होतं. ‘तोडाले जीव होत नाही, बापानं लावलेली हाये’ हे मी ‘बाग तोडण्याच्या विचाराने शेतकरी भावुक झाले’ असं लिहिलं तर सगळंच गेलं, आणि वर ‘भावुक’ हा शब्द काकांचा नाही, माझा आहे. म्हणजे कोट कोणता ते ठरलं.

माहिती आपल्या शब्दात घ्यायची याचं अजून एक कारण आहे आणि माझ्या मते ते जागेपेक्षा मोठं आहे. माहिती कोटात टाकली की आपण ती तपासत नाही, काका म्हणाले ना, संपलं. आता ‘मुळी सडली अन् फळ गळाले लागलं’ हे घे. पाणी साचलं की फायटोफ्थोरा बुरशी वाढते, मुळं सडतात आणि फळगळ होते हे खरंच होतं, पण फळगळ अन्नद्रव्यं कमी पडली तरी होते, रस शोषणाऱ्या पतंगानं फळाला भोक पाडलं तरी होते. त्या बागेत नेमकं कशानं झालं हे कृषी सहायकाला विचारायला पाहिजे, नाहीतर आपल्या नागपुरातच अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे फोन करायला पाहिजे. हे वाक्य आपल्या शब्दात लिहायला बसलं की हात आपोआप थांबतो, कारण आता ते पेपर म्हणतोय. तपासलं तर सरळ लिही, नाही तपासलं तर ‘असं त्यांचं म्हणणं आहे’ जोड.

आता कापायचं. मी दोन चुकीच्या कापण्या दाखवते, दोन्ही मी डेस्कवर आलेल्या कॉपीत अनेक वेळा पाहिल्यात.

पहिली: ‘‘बाग तोडून टाकतो अन् दुसरं काही पेरतो,’’ असे ते म्हणाले. यातला प्रत्येक शब्द काकांचा आहे, रेकॉर्डिंगमध्ये आहे, कोणी विचारलं तर ऐकवता येईल. आणि तरी हे खोटं आहे, कारण काकांनी अट घातली होती, ‘पंचनामा नाही झाला तं’. अट गेली आणि सरकारला दिलेला इशारा एकदम निर्णय झाला. उद्या गावातले लोक काकांना विचारणार, काहो बाग तोडून राहिले म्हणे, व्यापारी वेगळ्या भावानं बोलणार, आणि काका तुला फोन करणार. ते म्हणतील मी असं म्हटलंच नव्हतं, आणि तू म्हणशील रेकॉर्डिंग आहे, आणि बरोबर ते असतील.

दुसरी: ‘‘ते कृषीवाले साहेब आले, पाहून गेले... पण पंचनामा तं व्हाले पाहिजे ना टायमावर.’’ इथे मधलं ‘त्याईचा काही दोष नाही म्हणा’ हे वाक्य तीन टिंबांत गेलं. आता वाचणाऱ्याला काय दिसतं? साहेब आले, नुसते पाहून गेले, काही केलं नाही. काकांनी ज्या माणसाला मुद्दाम दोषातून बाहेर ठेवलं त्यालाच आपण आरोपी केलं, आणि ते काकांच्या तोंडून. त्या कृषी सहायकाला वरून नोटीस निघू शकते. शिवाय तो आणि काका एकाच गावात रोज भेटणारे.

म्हणून कापताना मी आधी पेन्सिलनं काही शब्दांना गोल करते, हे शब्द जाणार नाहीत. मराठीत ते फार छोटे असतात म्हणून डोळ्यातून सुटतात: जर, तर, पण, तरी, अजून, सध्या, फक्त, बहुतेक, ‘माझ्या माहितीप्रमाणे’, ‘आमच्या गावापुरतं’. आपल्याकडच्या बोलीत ‘तर’ चं ‘तं’ होतं आणि तिथे तर जास्तच सांभाळावं लागतं, कारण ‘मी तं म्हणतो’ मधला ‘तं’ नुसता जोर देणारा आहे, आणि ‘नाही झाला तं’ मधला ‘तं’ म्हणजे अट. पहिला गेला तर चालतं, दुसरा गेला तर बातमी बदलते. बाहेरून आलेल्या सबएडिटरला दोन्ही सारखेच वाटतात आणि तो शुद्ध करताना दोन्ही उडवतो, म्हणून रिपोर्टरनंच कॉपीत खाली टीप द्यावी.

आता ‘मी तं म्हणतो’ हे अख्खं पण बघ. भरीचे शब्द वाटतात, काढले तर तीन शब्द वाचतात. मी काढत नाही. त्या तीन शब्दांनी कळतं की काका वैतागून बोलतायत, घरात बसून ठरवून आलेले नाहीत. याउलट सुरुवातीचं ‘आता कसं हाये पाहा’ हे बिनधास्त जाऊ दे, ते बोलायला सुरुवात करतानाचं खाकरणं आहे. हा फरक कानानं कळतो, म्हणून कोट निवडताना नुसतं टाइप केलेलं वाचू नको, रेकॉर्डिंग परत ऐक.

कापायचं कुठून? टोकांकडून. सुरुवात काढ, शेवट काढ, मधलं शक्यतो अखंड ठेव. मधून काढायचंच असेल तर तीन टिंबांवर माझा भरोसा नाही, कारण मराठी वाचकाला ती टिंबं म्हणजे बोलणारा थांबला, आवंढा गिळला असं वाटतं, कापलं असं वाटत नाही. मी कोट बंद करते, मध्ये एक ओळ माझ्या शब्दात टाकते आणि नवा कोट उघडते. मधल्या ओळीत जे कापलं त्याचा सार असतो, त्यामुळे काही लपत नाही.

मग ती बातमी अशी होईल:

काटोल तालुक्यातल्या या बागायतदाराच्या बागेत यंदा पंधरा-वीस दिवस पाणी साचून राहिलं, त्यानंतर मुळं सडली आणि फळगळ सुरू झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. थोडीबहुत गळ दरवर्षीच असते, असंही ते सांगतात. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यानं बाग पाहून औषध सांगितलं, ते त्यांनी फवारलंही. या कर्मचाऱ्याचा दोष नाही, एवढ्या गावांना तो एकटाच आहे, असं ते म्हणाले. पंचनामा मात्र वेळेवर व्हावा ही त्यांची मागणी आहे. ‘‘मी तं म्हणतो, पंचनामा नाही झाला तं बाग तोडून टाकतो अन् दुसरं काही पेरतो. तोडाले जीव होत नाही, बापानं लावलेली हाये, पण करता काय?’’

बघ, कोट एकच आहे, अखंड आहे, एक शब्द मधून काढलेला नाही. बाकी सगळं माझ्या शब्दात, पण ‘दरवर्षी थोडीबहुत असतेच’ हे मी ठेवलं, ते काकांच्या बाजूचं नाही तरी ठेवलं, कारण त्यांनी ते स्वतःहून सांगितलं आणि ते सांगणारा माणूस किती नीट बोलतोय हे त्यातूनच कळतं. आपल्या शब्दात सांगतानाही कापणं होतंच, आणि तिथे कोणाला टिंबं दिसत नाहीत, त्यामुळे तिथली जबाबदारी जास्त.

झालं की एक तपासणी कर. पूर्ण बोलणं वाचून एका वाक्यात लिही, हा माणूस काय म्हणतोय. मग थोड्या वेळानं फक्त तुझी कापलेली कॉपी वाचून तसंच एक वाक्य लिही, शक्य असेल तर शेजारच्या टेबलवरच्या कोणाला लिहायला सांग ज्यानं रेकॉर्डिंग ऐकलं नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा यायला पाहिजे, ‘पंचनामा झाला नाही तर नाइलाजानं बाग तोडावी लागेल, आणि याचा दोष गावातल्या कर्मचाऱ्यावर नाही’. ‘नाइलाजानं’ नाही आलं, किंवा ‘झाला नाही तर’ नाही आलं, तर कापणी चुकली, परत बस. पाच मिनिटं लागतात.

इथपर्यंत कोट. पण खरं सांगू का, माझ्या अनुभवात मराठी पेपरात माणसाच्या बोलण्याची मोडतोड कोटात कमी आणि आपल्या शब्दात सांगताना जास्त होते, आणि त्याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजीत कोट सोडून सांगायचं तर ‘मी’ चा ‘तो’ होतो, क्रियापद बदलतं, वाचकाला कळतं की हे रिपोर्टरचे शब्द आहेत. मराठीत आपण सहज लिहितो, मी कोणाचाही एक रुपया घेतला नाही, असे ते म्हणाले. अवतरणचिन्ह नाही, पण ‘मी’ तसाच. मग हे त्यांचे शब्द की आपले? वाचक त्यांचेच समजतो. टाइप करताना किंवा पान लावताना चिन्ह गळलं तरी वाक्य तसंच उभं राहतं, कोणाला शंकाही येत नाही. म्हणून मी डेस्कवर एक साधा नियम पाळायला लावते, ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आलं तर अवतरणचिन्ह पाहिजेच आणि शब्द नेमके पाहिजेत. आपल्या शब्दात सांगायचं असेल तर ‘आपण कोणाकडूनही पैसे घेतले नसल्याचं त्यांनी सांगितलं’ अशी रचना करा, म्हणजे दोन्ही वेगळं दिसेल.

आता या ‘-ल्याचं सांगितलं’ मध्येही एक खड्डा आहे. समज अधिकाऱ्याला विचारलं, पंचनामे कधी होणार, ते म्हणाले ‘‘करू ना, या आठवड्यात पाहू.’’ आपण लिहितो, ‘या आठवड्यात पंचनामे करणार असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले’. ‘करू, पाहू’ मध्ये जो सैलपणा होता तो ‘करणार असल्याचे’ मध्ये राहिलाच नाही, ते वचन झालं. मग दहा दिवसांनी आपणच बातमी लावतो की आश्वासन पाळलं नाही. असं वाक्य सैलच ठेवायचं असेल तर ते कोटात ठेवलेलं बरं: पंचनामे कधी होणार असं विचारल्यावर ‘‘करू ना, या आठवड्यात पाहू,’’ एवढंच ते म्हणाले. वाचक आपला काय तो अर्थ घेईल.

नागपुरात हे हिंदीमुळे अजून वाढतं. अर्धे अधिकारी, व्यापारी, दवाखान्यातले लोक आपल्याशी हिंदीतच बोलतात. ‘‘देखते हैं’’ चं ‘लक्ष घालतो’ कधी करू नये, ‘‘बघू’’ करावं. हिंदीतलं बोलणं मराठी करून अवतरणात टाकायला माझी हरकत नाही, रोज करावं लागतं, पण ते भाषांतर आहे हे स्वतःशी लक्षात ठेवायचं आणि जो शब्द वादाचा होईल तो हिंदीतच ठेवायचा. आणि आपली ती ‘करून राहिलो’. काटोलचा माणूस म्हणतो ‘‘आम्ही काम करून राहिलो’’, म्हणजे काम चालू आहे. पुण्याकडून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्यानं ते शुद्ध करून ‘‘आम्ही काम केले’’ केलं होतं. बांधकाम अर्धवट पडलेलं, बाजूला फोटो अर्धवट भिंतीचा, आणि खाली गावकरी म्हणतायत काम केलं. गावकऱ्यांना वाटलं ठेकेदारानं पैसे देऊन छापून आणलं.

म्हणून बोली ठेवायची की नाही हा प्रश्न येतो. माझं मत असं आहे की एका बातमीत सगळ्यांना एकच वागणूक. शेतकऱ्याचं ‘मले, तुले, त्याईनं’ जसंच्या तसं आणि साहेबांचं अडखळतं, हिंदी मिसळलेलं मराठी मात्र छान इस्त्री करून, असं करायचं नाही, त्यानं एक माणूस अडाणी दिसतो आणि दुसरा शहाणा. वरच्या बातमीत मी काकांची वऱ्हाडी ठेवली कारण तो कोट घरातला आहे, बापाचा आहे, प्रमाण भाषेत तो पातळ होतो. कोटात प्रमाण भाषा करायचीच असेल तर फक्त शब्दांची रूपं बदल, ‘व्हाले’ चं ‘व्हायला’, ‘त्याईनं’ चं ‘त्यांनी’. वाक्याचा क्रम, अट, जोर, यातलं काही हलवू नको.

आता एक अशी चूक जी शब्द कापण्याची वाटतच नाही, पण सगळ्यात जास्त फोन याच्यावरूनच येतात. आपला प्रश्न त्यांच्या तोंडात घालणं. तू विचारलंस, ‘‘म्हणजे हे प्रशासनाचं अपयश आहे का?’’ काका म्हणाले, ‘‘हाव, तसं म्हणा.’’ कॉपीत येतं: ‘‘हे प्रशासनाचे अपयश आहे,’’ असा आरोप त्यांनी केला. ‘अपयश’ हा शब्द तुझा, ‘आरोप’ हा पण तुझा, काकांचे फक्त तीन शब्द, आणि तेही तू नेलेल्या वाटेनं. सरळ लिहायचं, हे प्रशासनाचं अपयश आहे का या प्रश्नावर ‘‘हाव, तसं म्हणा,’’ असं ते म्हणाले. बातमी थोडी कमी धारदार होते, होऊ दे. किंवा तेव्हाच परत विचार, काका तुम्ही तुमच्या शब्दात सांगा ना, आणि गप्प राहा, माणूस बोलतो. तसंच दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका अवतरणात चिकटवायची नाहीत, मध्ये ‘पुढे बोलताना’ टाकून वेगळी करायची, कारण जवळ ठेवलेली दोन वाक्यं वाचक कारण आणि परिणाम म्हणून वाचतो.

‘म्हणाले’ च्या जागी काय लिहितो त्याचाही विचार कर. ‘स्पष्ट केले’ म्हणजे ते खरं आहे असं आपण मान्य केलं, ‘कबूल केले’ म्हणजे आधी लपवत होते, ‘दावा केला’ म्हणजे आपल्याला शंका आहे. तिन्ही कधीतरी लागतात पण जिथे पुरावा आहे तिथेच. बाकी ‘म्हणाले’, ‘सांगितलं’ पुरतं, पंधरा वेळा आलं तरी वाचकाला खटकत नाही, आपल्यालाच लिहिताना खटकतं.

काही ठिकाणी मात्र आपल्या शब्दात सांगायचंच नाही, कारण शब्दच बातमी असतो. सगळ्यात सोपं उदाहरण माफीचं. डिसेंबरात इथे हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा हे दरवर्षी हाताखालून जातं, कोणी ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणतो, कोणी ‘शब्द मागे घेतो’ म्हणतो, कोणी ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ म्हणतो, आणि आपण सगळ्यांचं ‘माफी मागितली’ करून टाकतो. चारही गोष्टी वेगळ्या आहेत. माफी मागितली म्हणजे चूक मान्य केली, दिलगिरीत तेवढं नसतं, आणि ‘दुखावल्या असतील तर’ मध्ये परत ती अट आलीच. इथे नेमके शब्द, अवतरणात. तसंच कोर्टाच्या आदेशातलं महत्त्वाचं वाक्य, आणि कोणावर गंभीर आरोप असेल तर तो आरोपाचा शब्द. पण अवतरणात टाकलं म्हणजे आपण सुटलो असं नाही हे पण लक्षात घे, बदनामीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं ३५६, बोलणाऱ्याला लागतं तसं छापणाऱ्यालाही लागतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करणं कोटानं टळत नाही.

हेडिंग तू देत नसशील, पण कोट तुझा असतो म्हणून सांगते. हेडिंगमध्ये पाच-सहा शब्द बसतात आणि तिथेच ‘तर’ सगळ्यात आधी उडतो. वरच्या बातमीला ‘संत्रा बाग तोडणार’ हे हेडिंग चुकीचं, ‘पंचनामा नाही, तर बाग तोडू’ हे चालतं, पाच शब्द आहेत आणि अट आत आहे. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे की आरोप असलेल्या हेडिंगमध्ये तो कोणी केला ते यावं, किमान अवतरणचिन्ह तरी असावं. मी कॉपी पाठवताना वर एक ओळ लिहायची, ‘हेडिंगमध्ये अट ठेवा’. आता माझ्याकडे येणाऱ्यांना पण तेच सांगते.

हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. रिपोर्टर असताना एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी तापाच्या पेशंटबद्दल बोलले होते. ते म्हणाले, पेशंट वाढले आहेत, आमच्या ओपीडीत तरी दिसून राहिले, शहराचं मी सांगू शकत नाही. मी लिहिलं, ‘‘पेशंट वाढले आहेत,’’ असं डॉक्टर म्हणाले, आणि वरच्या ओळीत शहरातल्या साथीबद्दल लिहिलेलं. कोट तीन शब्दांचा, तिन्ही त्यांचेच. दुसऱ्या दिवशी त्यांना वरून विचारणा झाली की शहराची आकडेवारी तुम्ही कोणत्या अधिकारात दिली. त्यांनी मला फोन केला, चिडले नाहीत, एवढंच म्हणाले की मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, माझ्या ओपीडीपुरतं. वही काढून पाहिली तर खरंच दोनदा लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, छोटा. त्या डॉक्टरांनी त्यानंतर मला कधी काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला कळलं की कोट आजूबाजूच्या वाक्यांनी पण बदलतो, तो न कापताही बदलतो, म्हणून कोट तपासताना त्याच्या वरची ओळ आणि खालची ओळ सोबत वाचायची.

वहीचं सांगते. सगळीकडे रेकॉर्डिंग होत नाही. लिहून घेत असशील तर जे शब्द नेमके ऐकलेस त्यालाच वहीत तिथल्या तिथे अवतरणचिन्ह घाल, बाकी सार म्हणून लिही, आणि आपला प्रश्न पण लिही, बाजूला ‘प्र’ म्हणून. संध्याकाळी ऑफिसमध्ये बसून ‘असंच काहीतरी म्हणाले होते’ म्हणून नवीन अवतरणचिन्ह उघडायचं नाही. वहीत चिन्ह नसेल तर बातमीत पण नाही.

आणि फोन करून वाचून दाखवायचं का? यावर ऑफिसागणिक नियम वेगळे आहेत, काही संपादक अजिबात नको म्हणतात कारण माणूस बोललेलं मागे घेतो. माझी पद्धत अशी आहे की नेत्याला, अधिकाऱ्याला वाचून दाखवत नाही, त्यांना बोलायची सवय आहे आणि खुलासा करायला यंत्रणा आहे. पण काकांसारखा माणूस, ज्याचं नाव पेपरात आयुष्यात पहिल्यांदा येणार आहे, त्याला मी कापलेला कोट आणि त्याच्या वरची एक ओळ वाचून दाखवते. चूक असेल तर दुरुस्त करते. विचार बदलला असेल तर पहिलं बोलणं पुसत नाही, ‘नंतर फोनवर त्यांनी सांगितलं’ म्हणून दुसरं जोडते. बहुतेक वेळा काही बदलत नाही, ते ऐकतात, थोडं थांबतात आणि म्हणतात, हाव, बराबर हाये, पण त्या कृषीवाल्या पोराचा दोष नाही हे लिहिलं ना?